अर्ज क्रमांक सत्त्याऐंशीचा अनुभव

माझ्या अर्जाची छाननी करायला समितीला माझीच मदत लागली, हे मी कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, मॅडम, तुम्ही तिखटमीठ लावता. मी मूळची साताऱ्याची, आम्हाला तिखटमीठ वर्ज्य नाही. पण या गोष्टीत चिमूटभरसुद्धा घातलेलं नाही. घालायला जागाच नव्हती.

आमचं कॉलेज कुंडलच्या अलीकडे, उसाच्या पट्ट्यात. भूगोल विभागात शिक्षक एक, म्हणजे मी, ज्ञानदा. नेमणूक तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याच तासांचे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि जूनमध्ये पुन्हा नव्याने सुरुवात. अशी सुरुवात मी अकरा वेळा केली. अकरा वर्षांनी भूगोलाची एक कायम जागा भरायला सरकारची ना-हरकत आली, पेपरात जाहिरात आली, आणि एका जागेसाठी एकशे त्रेचाळीस अर्ज आले. त्यातला सत्त्याऐंशीवा माझा.

आता हे अर्ज तपासणार कोण? प्रभारी प्राचार्य आप्पासो थोरबोले सर रसायनशास्त्राचे. माणूस वाईट नाही, पण नियमांची पुस्तिका हातात घेतली की त्यांना जांभई येते. ऑफिसच्या विजयमालाताई आवक-जावक, सेवापुस्तकं यात वाघीण, पण नेट, सेट, पीएच.डी. हा त्यांच्या दृष्टीने एकच आजार. बाहेरचे विषयतज्ज्ञ म्हणून सांगलीहून सुमंत सर येणार होते, निवृत्त, पण दोनच दिवस. तेव्हा आप्पासो सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, त्या गुणांच्या तक्त्याचं तुमालाच कळतंय. तुमी समितीला जरा मदत करा."

"सर, मी उमेदवार आहे."

"व्हय की. म्हणून तर समितीत घेत न्हाई. नुसती मदत. तुमचा अर्ज आला की तुमी बाहेर व्हायचं. हाय काय अन् न्हाय काय!"

मी हो म्हटलं. का म्हटलं ते खरं सांगते. नाही म्हटलं असतं तर पुढच्या जूनमध्ये बाराव्यांदा सुरुवात झाली असती की नाही, याची मला खात्री नव्हती. शिवाय दुसऱ्या कुणी तपासले असते तर चुका झाल्या असत्या, आणि चुकीच्या यादीतून निवडून येण्यात मला रस नव्हता. मला फक्त मुलाखतीला बसायचं होतं. अकरा वर्षं शिकवलेला विषय एकदा खुर्चीत बसून पाच माणसांपुढे मांडायचा होता. तेवढंच.

पहिल्या दिवशी सकाळी सभागृहात टेबलं जोडली आणि गठ्ठे सोडले. सुमंत सर दहाच्या एसटीने आले, टोपी काढून ठेवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आधी पात्रता, मग गुण. अपात्राचे गुण मोजत बसू नका." मला तिथेच ते आवडले.

पात्रतेतच निम्मी गंमत झाली. एका उमेदवाराला एम.ए.ला चोपन्न पूर्णांक चौऱ्याण्णव टक्के. खुल्या गटातला. नियम पंचावन्नचा, आणि वर करून पंचावन्न धरायचे नाहीत असं स्पष्ट लिहिलेलं.

आप्पासो सर कळवळले. "अवो, सहा शतांश! आमच्या प्रयोगशाळेत एवढं तर पिपेटला चिकटून ऱ्हातंय."

"चिकटलेलं धरत नाहीत," सुमंत सर म्हणाले.

एक जतकडचा मुलगा. त्याने सेट दिली होती कर्नाटकाची. पेपर चांगला, गुण चांगले, पण त्या राज्याची सेट त्या राज्यातच चालते. पीएच.डी. नाही, नेट नाही. विजयमालाताईंनी त्याचा पत्ता वाचला. "आवं मॅडम, ह्याच्या घराम्होरनं सरळ गेलं की दोन कोसावर कर्नाटक हाय. तिकडं पात्र, हिकडं अपात्र. ह्यानं दारातच बसून ऱ्हावं काय?" मी शेरा लिहिला.

एकीच्या नेटच्या निकालपत्रावर 'फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र' असं छापलं होतं. हा नवा प्रकार. तीन पायऱ्यांपैकी सगळ्यात खालची, त्यावर नोकरी मिळत नाही. तिने त्या ओळीवर आपला फोटो चिकटवला होता. मी नखाने हलकेच सोडवला तेव्हा मला तिची दयाच आली. एकाने सैन्यातून निवृत्त झाल्याचा दाखला, पोहण्याचं प्रमाणपत्र आणि गावच्या तंटामुक्ती समितीचं आभारपत्र लावलं होतं, फक्त एम.ए.ची गुणपत्रिका लावायची राहिली होती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

मग संशोधन लेख. प्रत्येक लेखाला दोन गुण, जास्तीत जास्त सहा. पूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाची नियतकालिकांची यादी होती, तिच्यात नाव शोधायचं आणि सुटायचं. ती यादी आता बंद झालीय. कॉलेजांनी आपापले निकष ठरवावेत असं कळवलंय. आमच्या कॉलेजने ते ठरवले नव्हते, म्हणून आप्पासो सर तिथल्या तिथे ठरवू लागले.

"कव्हर रंगीत असंल तर चांगलं नियतकालिक. खर्च केलेला दिसतो."

"खर्च उमेदवारानेच केलेला असतो," मी म्हटलं. "सर, लेख आधी दोन जाणकारांनी तपासलाय का, संपादक मंडळ खरंच आहे का, हे बघावं लागतं."

मग आम्ही ते बघितलं. एका नियतकालिकाच्या संपादक मंडळात एकाच घरातले सहा जण निघाले, आजी धरून. एका उमेदवाराचा कोयनेच्या पाण्यावरचा लेख तीन ठिकाणी छापला होता, मथळा तीनदा बदलून, आत चूकसुद्धा तीच. सुमंत सरांनी तिन्ही एकावर एक ठेवले, उजेडात धरले आणि म्हणाले, "एक लेख. दोन गुण."

दुपारी चहा झाला आणि आम्ही सत्त्याऐंशीपाशी आलो. मी पेन खाली ठेवलं आणि बाहेर गेले.

व्हरांड्यात उभं राहून दाराकडे न बघणं फार कठीण असतं. दाराला फट होती आणि सगळं ऐकू येत होतं. आत बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज. मग आप्पासो सर म्हणाले, "बी.ए. अठ्ठावन्न टक्के. ह्याला किती?" विजयमालाताई म्हणाल्या, "मॅडमना इचारा." मग दार उघडलं.

"मॅडम, जरा आत या. तुमच्याबद्दल न्हाई. समजा, एक उमेदवार हाय. समजा बाई हाय. तिला बी.ए.ला अठ्ठावन्न."

"सोळा," मी दारातूनच म्हटलं आणि पुन्हा बाहेर गेले.

असं सहा वेळा झालं. समजा त्या बाईला एम.ए.ला एकसष्ट टक्के, तर तेवीस. समजा ती बाई पीएच.डी. झालीय, पंचवीस. समजा सेट आहे, पाच. समजा तीन बरे लेख, सहा. मी व्हरांड्यात उभी राहून त्या समजा बाईची बेरीज करत होते. पंच्याहत्तर झाले. आता उरला अध्यापनाचा अनुभव. वर्षाला दोन गुण, कमाल दहा. तासिका तत्त्वावरचं वर्ष नऊ महिन्यांचं, म्हणून दीड धरायचा. अकरा वर्षांचे साडेसोळा, त्यातले दहा धरायचे. पंच्याऐंशी. त्या बाईचं भलं होणार, असं मला वाटलं.

सातव्यांदा दार उघडलं तेव्हा आप्पासो सरांचा चेहरा पडला होता. "मॅडम, त्या बाईच्या अर्जाला अनुभवाचा दाखला न्हाई."

"नाहीच आहे," मी म्हटलं. "तो तुम्ही द्यायचा होता."

इथे घोडं पेंड खात होतं, आणि आजचं नाही, अकरा वर्षांपासूनचं. आमच्या संस्थेचा एक ठराव आहे. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला विद्यापीठाची मान्यता आल्याशिवाय ना नेमणुकीचं पत्र मिळतं ना अनुभवाचा दाखला. मान्यतेसाठी प्रस्ताव पाठवायचा. संस्थेच्या प्रस्तावाच्या नमुन्यात खाली विभागप्रमुखाच्या शिफारशीची सही लागते. भूगोल विभागात मी एकटी. म्हणजे विभागप्रमुखही मीच, तोंडी का होईना. स्वतःची शिफारस स्वतः कशी करणार, असं पहिल्या वर्षी तेव्हाच्या प्राचार्यांनी विचारलं, आणि विभागाला प्रमुख मिळेपर्यंत प्रस्ताव बाजूला ठेवला. प्रमुख मिळायला जागा भरायला हवी. दर जूनमध्ये मी नवा प्रस्ताव लिहिला आणि दर जूनमध्ये तो बाजूला गेला. विजयमालाताईंच्या कपाटात त्या बाजूचा आता हातभर गठ्ठा होता.

"पण पैसे तर तुम्ही दिलेत ना मला?" मी विचारलं.

"संस्थेच्या फंडातनं दिलेत," विजयमालाताई म्हणाल्या. "त्या व्हाउचरवर 'किरकोळ' लिवलंय, मॅडम. मीच लिवलंय. त्या खात्याला दुसरं नावच न्हाई."

मला राग आला. रागाने माझे कान तापतात, ते तापले. अकरा वर्षं मी किरकोळ होते, हे मला कुणी आधी सांगितलंसुद्धा नव्हतं.

सुमंत सरांनी जाहिरात वाचली, नियम वाचले आणि म्हणाले, "मान्यता हवीच असं जाहिरातीत नाही. तक्त्यात फक्त अध्यापन अनुभव म्हटलंय. मला चालेल. पण प्राचार्यांच्या सहीचा कागद हवा. कधीपासून कधीपर्यंत, कोणता विषय, आणि जावक क्रमांक. तो द्या, मी दहा देतो."

"दाखला कसा देऊ?" आप्पासो सर म्हणाले. "ठराव हाय. मी प्रभारी. माज्या सहीनं ठराव मोडला तर मलाच किरकोळात टाकतील."

त्याच वेळी व्हरांड्यात पावलं वाजली. शिवतेज आला होता. कुंडलचा, माझा विद्यार्थी, आता डॉक्टर शिवतेज, अर्ज क्रमांक एकशे बारा. एक राहिलेली गुणपत्रिका द्यायला आला होता. मला व्हरांड्यात बघून त्याने वाकून नमस्कार केला. त्याला वाटलं मी स्वागताला उभी आहे.

आप्पासो सरांनी त्याला दारातच धरलं. "काय रं शिवतेज, ह्या मॅडमनी तुला शिकवलं का न्हाई?"

"सर, आसं काय इचारता? तीन वर्सं. नकाशा धरायचा कसा हितनं शिकवलंय."

आप्पासो सर आशेने सुमंत सरांकडे वळले. सुमंत सरांनी मान हलवली. "उमेदवाराचं तोंडी निवेदन चालत नाही. तेसुद्धा दुसऱ्या उमेदवाराबद्दल."

शिवतेज बिचारा गुणपत्रिका देऊन पळाला. काहीतरी चुकीचं बोललो असं त्याला वाटलं असणार.

दुसऱ्या दिवशी एकशे बारा उघडला. मुलगा हुशार, त्याचं सगळं व्यवस्थित. बी.ए. एकोणीस, एम.ए. तेवीस, पीएच.डी. पंचवीस, नेट आठ, दोन लेखांचे चार. आणि अनुभव. तीन वर्षांपूर्वी एक वर्ष त्याने आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवलं होतं, कारण तेव्हा माझ्या तासांपलीकडे तास उरले होते. त्याच्या अर्जाला आमच्या कॉलेजचा दाखला होता, गोल शिक्का, जावक क्रमांक, आणि सोबत विद्यापीठाच्या मान्यतेची प्रत. नऊ महिने, दीड गुण. एकूण साडेऐंशी.

मी मान्यतेमागचा प्रस्ताव उलटला. खाली विभागप्रमुखाची शिफारस होती. 'सदर उमेदवार अध्यापनास योग्य आहे.' त्याखाली सही होती. माझी.

मला हसावं की रडावं कळेना. मी कागद टेबलाच्या मधोमध ठेवला.

"सर, ही माझी सही विद्यापीठाने मान्य केलीय."

आप्पासो सरांनी वाचलं, पुन्हा वाचलं. "व्हय. म्हंजे विभागप्रमुख म्हणून तुमी मान्यताप्राप्त हाय. फकस्त शिक्षक म्हणून न्हाई."

"मी शिक्षक नसताना विभागप्रमुख कशी?"

"ते विद्यापीठानं इचारलं न्हाई," सर म्हणाले, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

तिसऱ्या प्रहरी अंतिम तक्ता तयार झाला. मीच तयार केला, आणखी कोण करणार? एकशे त्रेचाळीसपैकी पात्र एक्काहत्तर. मुलाखतीला पहिले बारा बोलवायचे असं समितीने आधीच ठरवलेलं. बाराव्याला अठ्ठ्याहत्तर. शिवतेज चौथा. सत्त्याऐंशी क्रमांकाच्या उमेदवाराचे पंच्याहत्तर, क्रम एकोणीस. मी शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'अनुभवाचा पुरावा जोडलेला नाही. मुलाखतीस पात्र नाही.' लिहिताना एकही अक्षर वाकडं गेलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आप्पासो सरांनी सही केली. सुमंत सरांनी पेन उघडलं आणि मिटून ठेवलं. "थोडं थांबतो," म्हणाले. मग विजयमालाताईंनी तक्ता माझ्यापुढे सरकवला.

"मॅडम, खाली तुमची सही ऱ्हायली. 'तपासले, विभागप्रमुख, भूगोल.' संस्थेचा नमुना हाय. ही सही नसली तर यादी वर जात न्हाई."

मी तक्त्याकडे बघितलं. मग तिघांकडे बघितलं. माझे कान पुन्हा तापले, पण या वेळी डोकं थंड होतं.

"उमेदवार असून मी हे तपासलं म्हणून सही कशी करू?"

"तुमी उमेदवार म्हणून न्हाई करायची. विभागप्रमुख म्हणून करायची," आप्पासो सर समजावू लागले. "दोन येगळी माणसं धरायची."

"विभागप्रमुखाने स्वतःबद्दल सही केली तर चालते?"

"हितं चालतीय की. नाइलाज हाय."

"ठीक आहे. विजयमालाताई, कपाटातला माझा गठ्ठा आणा."

त्यांनी गठ्ठा आणला. अकरा प्रस्ताव, अकरा जूनचे. मी एकेक उघडला आणि खाली 'शिफारस करते' लिहून आजची तारीख घातली. पहिल्यावर सही करणार तोच आप्पासो सरांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"मॅडम! सोताच सोताची शिफारस?"

"सर, इथे चालते असं तुम्हीच आता म्हणालात. माझ्याविरुद्ध सही करायला मी विभागप्रमुख, आणि माझ्यासाठी करायला नाही? एक काय ते ठरवा. दोन्हीवर करते, नाहीतर एकावरही नाही."

सुमंत सर खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. आप्पासो सरांनी तक्ता बघितला, प्रस्ताव बघितले. यादी आज गेली नाही तर मुलाखतीची तारीख जाणार. तारीख गेली तर ना-हरकतीची मुदत जाणार. मुदत गेली तर जागाच जाणार, आणि मग एकशे त्रेचाळीस माणसं त्यांच्या नावाने खडे फोडणार. घाम त्यांच्या कानामागून कॉलरमध्ये उतरला.

आणि मग त्यांना युक्ती सुचली. अशी युक्ती सुचायला आमच्याच कॉलेजात पंधरा वर्षं काढलेली असावी लागतात.

"विजयमालाताई, मॅडमना विभागप्रमुखपदातनं कार्यमुक्त करा. आत्ताच्या आत्ता. मग त्यांची सही लागतच न्हाई. प्रमुख न्हाई म्हटल्यावर यादीवर त्या जागी प्राचार्य सही करतो, तसा नियम हाय."

अकरा वर्षांत कुणी मला त्या पदावर नेमलं नव्हतं, म्हणून काढतील कसं हेच मला कळत नव्हतं. तोच प्रश्न विजयमालाताईंना पडला, पण त्यांच्या पद्धतीने.

"सर, कार्यमुक्तीच्या आदेशात कुठल्या तारखेपासून काम केलं ते लिवावंच लागतंय. न्हाईतर लेखापरीक्षणात अडतंय. अन् काम काय केलं तेबी."

"मग लिवा की. खरं हाय ते लिवा. लवकर करा, चारची वेळ गाठायचीय."

विजयमालाताईंनी लेटरहेड घातलं आणि टाइप करायला घेतलं. त्या टाइप करतात तेव्हा मोठ्याने म्हणत म्हणत करतात, अक्षर चुकू नये म्हणून. मी समोरच्या बाकावर बसून ऐकत होते.

"डॉ. ज्ञानदा यांनी... या महाविद्यालयात... जून दोन हजार चौदापासून आजअखेर... भूगोल विषयाचे अध्यापन... प्रथम, द्वितीय व तृतीय वर्ष कला... तासिका तत्त्वावर... अखंडपणे केले असून..." इथे त्या थांबल्या. "सर, सुट्टीतला खंड धरू का?"

"दर वर्षी नऊ महिने लिवा," सर घाईत म्हणाले.

"...प्रतिवर्षी नऊ महिने केले असून, सदर कालावधीत विभागप्रमुखपदाची जबाबदारीही सांभाळली आहे. त्यांचे काम समाधानकारक होते. आज रोजी त्यांना विभागप्रमुखपदाच्या कार्यभारातून मुक्त करण्यात येत आहे. अध्यापन पूर्ववत सुरू राहील."

आप्पासो सरांनी सही केली. गोल शिक्का पडला. विजयमालाताईंनी जावक रजिस्टर उघडलं, क्रमांक घातला आणि पत्र माझ्या हातात दिलं.

मी ते हातात धरून वाचलं. अकरा वर्षं या इमारतीत मी सकाळी सात चाळीसला यायचे. खडूने बोटं फुटायची. नकाशे स्वतःच्या पैशांनी छापून घ्यायचे, शिवारफेरीला मुलांना घेऊन कृष्णेच्या काठाकाठाने चालायचे. या सगळ्याचा एकही कागद नव्हता. आता पहिला कागद आला होता, तो मला काढण्याचा. समाधानकारक हा शब्द तर मला तिथेच रडवणार होता.

"वाईट वाटून घिऊ नका, मॅडम," आप्पासो सर मनापासून म्हणाले. "माजा नाइलाज हाय."

"नाही सर," मी म्हटलं. "याची एक साक्षांकित प्रत मिळेल का?"

"दोन घ्या की!"

विजयमालाताईंनी झेरॉक्स काढली, आप्पासो सरांनी 'खरी प्रत' लिहून सही ठोकली. मी ती सुमंत सरांपुढे ठेवली. जाहिरातीत अर्ज तपासणी संपेपर्यंत राहिलेली कागदपत्रं स्वीकारण्याची सोय होती, शिवतेजची गुणपत्रिका त्याच सोयीने आली होती.

सुमंत सरांनी चष्मा लावला. "कधीपासून कधीपर्यंत, आहे. विषय, आहे. प्राचार्यांची सही, आहे. जावक क्रमांक, आहे." त्यांनी सत्त्याऐंशीची ओळ शोधली, माझा शेरा लाल शाईने खोडला, शेजारी आद्याक्षरं केली आणि अनुभवाच्या रकान्यात दहा लिहिले. मग बेरीज. पंच्याऐंशी. बाराजणांत पहिला क्रमांक.

आप्पासो सरांना कळायला अर्धं मिनिट लागलं. आधी ते पांढरे पडले, मग लाल झाले. मग पत्रात मान घालून त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि त्यातला एकही शब्द खोटा नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"हा अनुभवाचा दाखला न्हाई," ते हळूच म्हणाले, माझ्यापेक्षा स्वतःलाच.

"नाही," सुमंत सर म्हणाले. "त्यामुळे ठराव मोडलेला नाही."

आप्पासो सर हसले. खरंच हसले, पोट धरून, आणि विजयमालाताईंनी पदर तोंडाला लावला. यादी चारच्या आत वर गेली. विभागप्रमुखाच्या सहीच्या जागी प्राचार्यांची सही होती.

मी बाहेर आले. व्हरांड्यात, पार्किंगच्या बाजूच्या कठड्याला टेकून, पहिल्यांदा रडले. आनंदाने म्हणाल तर तेवढंसं नाही. रागच जास्त होता. मी इथे होते, हे लिहायला त्यांना एक मिनिट लागलं, आणि ते मिनिट काढायला अकरा वर्षं.

तेवढ्यात खालून द्वितीय वर्षाच्या दोन मुली आल्या. "मॅडम, शेवटचा तास हाय न्हवं? पोरं बसल्यात."

मी पत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवली. डोळे पुसले. वर्गात गेले, फळ्यावर आजची तारीख लिहिली आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली.